दुष्टचक्र नव्हे, अन्योन्याश्रय

प्रश्न: दहावीच्या मुलांचे वादविवादात्मक निबंध तपासते. 'हे चूक आहे कारण ते योग्य नाही' अशी गोल फिरणारी वाक्ये बरीच असतात. त्याला 'दुष्टचक्र' म्हणावे का? आणि मुलांना न दुखावता हे कसे सांगावे? (एक शिक्षिका, गिरगाव)

'दुष्टचक्र' अजिबात नको. हा शब्द हल्ली सगळीकडे चिकटवलेला ऐकतो आणि दर वेळी चिडचिड होते. गरिबीमुळे कुपोषण, कुपोषणामुळे काम होत नाही, म्हणून पुन्हा गरिबी: हे दुष्टचक्र. ते खरोखर घडते, काळात पुढे सरकते. युक्तिवादातला गोल मुळीच सरकत नाही. दोन विधाने एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी असतात. तेव्हा आपल्याकडचा शब्द वापरा: अन्योन्याश्रय. अन्य, पुन्हा अन्य, आणि आश्रय म्हणजे आधार. 'अ'ला 'ब'चा आधार, 'ब'ला 'अ'चा. न्याय या भारतीय तर्कशास्त्राचे अभ्यासक, म्हणजे नैयायिक, इथेच थांबले नाहीत. विधान स्वतःवरच टेकले असेल तर आत्माश्रय, तीन किंवा अधिक विधाने फिरून पहिल्यावर आली तर चक्रक. तुमचे 'चूक आहे कारण योग्य नाही' हा आत्माश्रय. एवढे बारीक भेद हाताशी असताना सगळ्याला एकच 'चक्र' का म्हणायचे?

याच शास्त्रातल्या 'साध्यसम' या दोषाचा अर्थ 'गोल युक्तिवाद' असा देणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत साध्यसम म्हणजे असा हेतू, म्हणजे पुढे केलेले कारण, जो साध्याइतकाच, म्हणजे सिद्ध करायच्या विधानाइतकाच, अजून सिद्ध व्हायचा आहे. या सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचे उदाहरण पाहा: सावली हे द्रव्य आहे, कारण ती चालते. इथे गोल कुठे आहे? पण सावली खरेच चालते का? की प्रकाश अडवणारा माणूस चालतो आणि अंधाराची जागा बदलते? कारण म्हणून पुढे केलेली गोष्टच सिद्ध नाही. म्हणजे साध्यसम हा निराधार विधानाचा दोष आहे. भारतीय तर्कशास्त्राचे अभ्यासक बिमलकृष्ण मतिलाल यांनीही ही गल्लत दाखवून दिली आहे, तरी ती छापली जातेच. दोन्ही दोषांवर उपाय वेगळे असल्यामुळे तुमच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

आता एक परिच्छेद घेऊ. समजा मुलाने लिहिले आहे: 'दादर स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांना हटवलेच पाहिजे, कारण ते अनधिकृत आहेत. ते अनधिकृत आहेत, कारण अशा ठिकाणी त्यांना बसू देणेच चुकीचे आहे. त्यांच्यामुळेच तिथे गर्दी होते, हे सर्वांना माहीत आहे.'

पहिली दोन वाक्ये अन्योन्याश्रयाची. ओळखायची रीत सोपी: निष्कर्ष झाकून ठेवा आणि उरलेले कारण विरोधकाला दाखवा. 'बसू देणे चुकीचे' हे फेरीवाल्याचा मुलगा मान्य करील का? हटवावे हे आधीच पटले असेल तरच. म्हणजे कारण निष्कर्षाच्याच पोटातून आले. तिसरे वाक्य गोल नाही. ते साध्यसम आहे. गर्दी गाड्यांच्या वेळेमुळे, अरुंद जिन्यामुळे की फेरीवाल्यांमुळे, हे कोणी पाहिले? 'सर्वांना माहीत आहे', 'साहजिकच', 'निर्विवाद' हे शब्द दिसले की थांबा. पुराव्याची जागा बहुधा तिथेच रिकामी असते.

मात्र प्रत्येक पुनरुक्ती दोष नसते. 'अनधिकृत म्हणजे परवाना नसलेला' ही व्याख्या आहे. तिथे आधी 'परवाना का हवा?' हे विचारा, ती गोल म्हणून खोडू नका.

समासात लाल पेनाने 'चूक' लिहू नका. गोल युक्तिवादाचा निष्कर्ष खोटाच असतो असे नाही, आणि मुलाला नेमके हेच आधी सांगायचे: 'तुझे म्हणणे खरे असू शकेल, पण या वाक्याने ते अजून दाखवले नाही.' मग पहिल्या वाक्यापासून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यापासून परत पहिल्याकडे पेन्सिलीने बाण काढा. मूल स्वतःच गोल पाहते, तुम्हाला बोलावे लागत नाही. नंतर एकच प्रश्न विचारा: 'या गोलाबाहेरचे, तुझ्याशी न पटणाऱ्यालाही मानावे लागेल असे काय आहे?'

इथे पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा कामी येतो. त्यात सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि विक्री क्षेत्रे यांची तरतूद आहे. तेव्हा मूल लिहू शकते: 'ज्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही किंवा जे विक्रीस मनाई असलेल्या जागेत बसतात, त्यांना हटवावे.' हा आधार बाहेरचा आहे, आणि विरोधकही त्यावर 'सर्वेक्षण झाले का?' असा उलट प्रश्न विचारू शकतो. गर्दीच्या वाक्यासाठी मुलाला संध्याकाळी सहा वाजता जिन्याजवळ उभे राहून माणसे नेमकी कुठे अडतात ते टिपू द्या. टिपणात जिनाच अडचणीचा निघाला, तर ते वाक्य खोडायचे की निष्कर्ष बदलायचा, हे त्यालाच ठरवू द्या.