दुबईहून घरी पैसे पाठवताना फी बघायची की रेट?

प्रश्न: दुबईत नवीन आहे. दर महिन्याला घरी ३००० दिरहम पाठवायचे असतात. ॲपवर ‘झिरो फी’ दिसते, एक्स्चेंजवाला २३ दिरहम घेतो. कुठून पाठवू? आणि रेट वाढायची वाट बघावी का?

उत्तर:

तुमच्या आकड्याला २३ दिरहम घेणारा बहुतेक स्वस्त पडेल, पण ते गृहीत धरू नका, एकदा हिशेब करून बघा. मी अकरा वर्षं शारजाहून चिपळूणला पैसे पाठवतोय आणि पहिली दोन वर्षं फक्त फी बघून पाठवत होतो.

आधी खरा बाजारभाव काढायला शिका. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलरचा रुपयातला भाव घ्यायचा आणि ३.६७२५ ने भागायचा. डॉलर ८८ रुपये असेल तर दिरहमचा भाव निघतो २३.९६. हा भाव तुम्हाला कोणीच देणार नाही. त्याच्याखाली जेवढे पैसे कापले जातात ती पैसे पोचवणाऱ्या ॲपची किंवा एक्स्चेंजची कमाई, आणि पावतीवर ती कुठेच छापलेली नसते.

आता समजा, त्या दिवशी एक्स्चेंजचा रेट २३.८० आहे. फी २३ दिरहम, त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे २४.१५. तुमच्या ३००० मधून ते वजा केले की उरतात २९७५.८५, आणि घरी पोचतात ७०,८२५ रुपये. ‘झिरो फी’वाल्या ॲपचा रेट समजा २३.५२ आहे. पूर्ण ३००० दिरहम बदलून मिळतात, पण घरी पोचतात ७०,५६० रुपये. म्हणजे फी न घेणाऱ्याने तुमचे २६५ रुपये जास्त घेतले.

हेच फक्त १००० दिरहम पाठवले तर उलटं होतं. एक्स्चेंजमधून २३,२२५ रुपये पोचतात, ॲपवरून २३,५२०. कारण फी ठरलेली असते, रेटमधला फरक मात्र रकमेबरोबर वाढत जातो. या उदाहरणात साधारण २०५० दिरहमला दोघं बरोबरीत येतात. त्याच्या खाली ॲप, वर एक्स्चेंज. तुमच्याकडचे त्या दिवशीचे रेट घालून हा आकडा एकदा काढून ठेवा. आणि ठरलेली फी देत असाल तर महिन्यातून तीनदा थोडे थोडे पाठवू नका, तीनदा फी जाते. एक सांभाळा: काही ॲप पहिल्या व्यवहाराला खास रेट देतात. तुलना दुसऱ्या महिन्याच्या रेटवर करा.

बँकेतून थेट परदेशी ट्रान्सफर करणार असाल तर आणखी एक प्रश्न विचारा: पैसे इथूनच रुपये होऊन जाणार की तिथे जाऊन बदलणार? मी घराच्या छपरासाठी एकदा मोठी रक्कम तशी पाठवली. चार दिवसांनी वडिलांचा फोन आला, “अरे, तू सांगितलेस त्यापेक्षा अठराशे कमी आलेत.” पैसे डॉलरमध्ये गेले होते. मधल्या बँकेने आपला चार्ज कापला, मग गावच्या बँकेने स्वतःच्या खरेदीच्या रेटने रुपये केले आणि त्यावर जीएसटी लावला. एक्स्चेंजवाल्यांचे रुपये भारतातल्या बँकेत आधीच ठेवलेले असतात, तिथून ते सरळ आपल्या खात्यात येतात. म्हणून पावतीवर जो रुपयांचा आकडा असतो तोच घरी दिसतो.

रेटची वाट बघायची का? तुमच्या रकमेला दहा पैसे वाढले तर मिळतात ३०० रुपये. त्यासाठी आठवडा थांबलात आणि घरी कर्जाचा हप्ता परत गेला तर बँकेचा दंड त्याहून जास्त बसू शकतो, शिवाय पुढच्या कर्जाच्या वेळी ती नोंद आडवी येते. वाट बघायचीच तर शनिवार-रविवार टळेपर्यंत बघा. त्या दोन दिवशी भारतातला रुपयाचा बाजार बंद असतो. सोमवारी भाव कुठे उघडेल ते माहीत नसल्याने बरेच जण रेट थोडा पाडूनच देतात. भारतातला हा बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, म्हणजे आपल्याकडे दोन वाजता, त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतरही तोच प्रकार दिसतो.

आमच्या घरचा हप्ता ५ तारखेला जातो. पगार झाला की पहिल्या कामाच्या दिवशी मी सकाळी दहा-अकराच्या सुमारास दोन ठिकाणचे ‘घरी किती पोचणार’ हे आकडे बघतो, जास्त असेल तिथून पाठवतो आणि पावतीचा फोटो आईला धाडतो. संध्याकाळपर्यंत तिच्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज आला नाही, तर पावतीवरचा रेफरन्स नंबर घेऊन त्याच दिवशी काउंटरवर जातो. खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकला असेल तर दुरुस्ती व्हायला हप्त्याच्या आधी दोन-तीन दिवस हाताशी लागतात.