व्याज लावलेलं आणि व्याज भरलेलं

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, मी सहकर्जदार आहे. हप्ते अजून सुरू नाहीत, पण २०२३-२४ पासून माझ्या पगाराच्या खात्यातून दरमहा ५,००० रुपये व्याजापोटी जातात. आतापर्यंत दाखला मागितला नव्हता. यंदा २०२५-२६ चा मागितला, तर बँकेने मुलीच्या एकटीच्या नावाने दिला आणि व्याज २,१०,००० लिहिलंय. एवढी वजावट मागू का? नसेल तर नवा दाखला येईपर्यंत रिटर्न थांबवू का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : २,१०,००० मागू नका आणि रिटर्न थांबवू नका.

आयकर कायद्याच्या कलम ८०ई मध्ये वजावट मिळते ती त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची. बँकेने दाखल्यात लिहिलेला आकडा वर्षभरात खात्यावर लावलेल्या व्याजाचा दिसतो. खात्री करायला १ एप्रिल ते ३१ मार्चचा कर्जखात्याचा उतारा काढा. नावे बाजूला महिन्याच्या महिन्याला व्याज टाकलेलं दिसेल, त्याची बेरीज २,१०,००० च्या आसपास येईल. जमा बाजूला तुमचे ५,००० चे बारा भरणे, म्हणजे ६०,००० रुपये. यंदाची वजावट एवढीच. उरलेले १,५०,००० अजून कोणीच भरलेले नाहीत, ते येणं म्हणून साठत आहेत. मोठा आकडा टाकलात आणि चौकशी झाली तर फरकावरचा कर, व्याज आणि कदाचित दंडही भरावा लागेल. ‘बँकेनेच लिहून दिलं होतं’ ही सबब तेव्हा फारशी कामाची नाही, कारण उतारा तुमच्या हातात होता.

आता शाखेला नवा अर्ज द्या. नुसतं ‘व्याजाचा दाखला मिळावा’ असं लिहिलंत की पुन्हा तोच छापील कागद येईल. असं लिहा : ‘आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये या कर्जखात्यात प्रत्यक्ष जमा झालेली व्याजाची रक्कम, जमा झालेली मुद्दल, लावलेलं पण न भरलेलं व्याज आणि ३१ मार्चची येणे बाकी वेगवेगळी दाखवून, मंजुरीपत्राप्रमाणे कर्जदार व सहकर्जदार अशा दोघांच्या नावाने दाखला द्यावा.’ खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि दोघांचे पॅन घाला, मंजुरीपत्राची प्रत जोडा. दोन्ही नावांचा आग्रह धरा, कारण कर्ज तुम्ही घेतलेलं असणं ही कलमाची अट आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी ही पोच लागते.

पण त्या दाखल्यासाठी ३१ जुलै चुकवू नका. तो रिटर्नला जोडायचा नसतो, विचारलं तर दाखवायचा असतो. रिटर्नमध्ये बँकेचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची रक्कम, बाकी आणि व्याज भरावं लागतं. ते सगळं मंजुरीपत्रात आणि उताऱ्यात आहे. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि पगारदाराला जुनी प्रणाली निवडायची तर रिटर्न मुदतीत भरावंच लागतं. उशीर झाला की ६०,००० सुद्धा गेले. जुनी प्रणाली तुम्हाला परवडते का, हे बाकीच्या वजावटींवर अवलंबून आहे. केवळ ६०,००० साठी ती निवडणं बहुधा फायद्याचं नसेल. सीएकडून दोन्ही हिशेब करून घ्या.

मागच्या दोन वर्षांचा दाखला तुम्ही मागितला नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. ती रिटर्नं सुधारायची मुदत संपली आहे आणि अद्ययावत रिटर्न कर कमी करण्यासाठी भरता येत नाही. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. ही सवलत व्याज भरायला सुरुवात केल्याच्या वर्षापासून आठच वर्षं मिळते. ती तुमच्या पहिल्या ५,००० नीच सुरू झाली, तुम्ही वजावट मागितली असो वा नसो. म्हणजे २०२३-२४ ते २०३०-३१. त्यानंतर कर्ज कितीही वर्षं चालो, व्याजावर सवलत नाही.

म्हणून शिक्षण संपून हप्ता ठरायच्या आधी शाखेत जाऊन बसा. साठलेलं व्याज बँका सहसा मुद्दलात मिळवतात आणि त्यावर हप्ता बांधतात. एकदा ते मुद्दल झालं की पुढच्या दाखल्यांत त्याची फेड मुद्दल म्हणूनच दिसते आणि तिच्यावर वजावट मागणं अवघड होऊन बसतं. बँक ते वेगळं ठेवायला तयार असेल तर तसं लेखी घ्या. नसेल आणि पैसे हाताशी असतील, तर मुद्दलात मिळवण्याआधी जमेल तेवढं साठलेलं व्याज भरून टाका. ती रक्कम त्या वर्षीच्या दाखल्यात भरलेलं व्याज म्हणून आली पाहिजे. तोवर मुलगी कमावती झाली आणि तिच्या खात्यातून भरणा होऊ लागला, तर तो भाग तिच्या रिटर्नमध्ये जाईल, तुमच्या नाही.