लोलकाच्या प्रयोगाचं डिस्कशन: दीड पानाचं सहा ओळींत कसं आणायचं?

प्रश्न: "सिंपल पेंडुलमने g काढला. 40, 60, 80, 100 सेमीला 9.56, 9.62, 9.67, 9.70 आला, सरासरी 9.64. डिस्कशन दीड पान झालंय, मॅडमनी 'रिझनिंग क्लिअर नाही, छोटं करा' लिहून परत दिलं. पॅरा खाली टाकलाय. काय कापू?"

पॅरा वाचला. कापायला बरंच आहे पण कात्री लावायच्या आधी एक सांगतो, तुझं खरं उत्तर त्या पॅरात आहेच, फक्त ते अकराव्या ओळीत लपलंय. तिथे तू लिहिलंयस "लांबी बॉबच्या वरच्या टोकापर्यंत मोजली, बॉबचा व्यास 2.0 सेमी होता". बस, हेच. त्याच्या आधीच्या दहा ओळींत पेंडुलम म्हणजे काय, प्रयोग कसा केला, गॅलिलिओ वगैरे आहे, ते सगळं थिअरी आणि प्रोसीजरमध्ये आलेलं असतं, तिथून सरळ उडव. आणि त्याच्या नंतर जी यादी आहे, हवेचा विरोध, पंख्याचा वारा, मानवी चूक, स्टॉपवॉच, दोरा ताणला गेला असेल, ती यादीच मॅडमना खटकली असणार. पाच कारणं एका दमात मांडली की कुठलंच कारण सिद्ध होत नाही.

मी अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल्स बरीच वर्षं घेतली आणि जर्नलं तपासताना प्रत्येक कारणाला दोनच प्रश्न विचारायचो. या कारणाने g कमी होतो की जास्त? आणि किती? तुझा g कमी आलाय, 9.8 पेक्षा 0.16 ने, म्हणजे साधारण 1.6 टक्के. आता तुझी यादी घे.

हवेचा विरोध. त्याने T किंचित वाढतो, म्हणजे g कमी, दिशा बरोबर आहे. पण धातूच्या जड बॉबला हा फरक इतका बारीक असतो की तुझ्या स्टॉपवॉचला तो दिसणारच नाही. झोका हळूहळू लहान होताना दिसतो म्हणून पोरांना वाटतं हवेनेच सगळं बिघडवलं, पण झोका लहान होणं वेगळं आणि T बदलणं वेगळं. कापला. मोठा कोन, तू 10 अंश लिहिलायस, त्याने T 0.2 टक्के वाढतो, g 0.04 ने खाली येतो. दिशा बरोबर, पण 0.16 मधला चौथाच हिस्सा निघतो, आणि सगळ्या लांब्यांना तोच 10 अंश असेल तर चारही किमती सारख्याच टक्क्यांनी खाली यायला हव्यात. तुझ्या तशा नाहीत. स्टॉपवॉच दाबायला उशीर, तो कधी सुरू करताना होतो कधी थांबवताना, म्हणून किमती वरखाली विखुरतात, चारही एकाच बाजूला जात नाहीत. आणि "मानवी चूक" हा शब्द तर लिहूच नकोस, माणसाने नेमकं काय चुकवलं ते लिही.

इथे स्वतःची फजिती सांगतो. मी अकरावीत असताना बॉब सोडला आणि लगेच "एक" म्हणून मोजायला लागलो, "शून्य" म्हणायचं असतं हे डोक्यातच नाही, म्हणजे वीस म्हणून प्रत्यक्षात एकोणीसच झोके मोजले. T पाच टक्के कमी, g 10.8 च्या पुढे. आणि डिस्कशनमध्ये मी ऐटीत लिहिलं, हवेच्या विरोधामुळे फरक पडला. सरांनी समासात लाल पेनने लिहिलं, "हवा मागून ढकलत होती का?" दिशा तपासायची सवय मला तिथून लागली.

आता तुझी अकरावी ओळ घे. लांबी खरं तर बॉबच्या मध्यापर्यंत धरायची, तू 1 सेमी कमी धरलीस. सूत्रात g हा लांबीच्या प्रमाणात असतो, लांबी कमी तर g कमी, दिशा जुळली. किती? 40 सेमीला 1 सेमी म्हणजे अडीच टक्के, 100 सेमीला एकच टक्का. म्हणजे आखूड दोऱ्याला g जास्त खाली जायला हवा आणि लांब दोऱ्याला कमी, आणि तुझ्या किमती बघ, 9.56 पासून 9.70 पर्यंत पायरी पायरीने वर चढतायत!! बाकी यादीतलं एकही कारण हे चढणं इतकं समजावत नाही.

तपासून पण बघितलं. प्रत्येक लांबीत 1 सेमी मिळवून परत g काढला तर 9.80, 9.78, 9.79, 9.80. चढण गेली. T² विरुद्ध लांबी असा ग्राफ काढला असशील तर त्यातही हेच दिसेल, स्लोप साधारण 4.03 आणि त्यातून g 9.80, कारण 1 सेमीची चूक सगळ्या लांब्यांना सारखी असल्याने रेघ नुसती सरकते, तिचा उतार बदलत नाही. फक्त ती ओरिजिनमधून न जाता लांबीच्या अक्षाला शून्याच्या 1 सेमी डावीकडे कापते.

एक मात्र प्रामाणिकपणे लिही. 40 सेमीला वीस झोक्यांना 25.7 सेकंद लागतात, त्यात 0.1 सेकंद इकडेतिकडे झालं की g साधारण 0.07 ने हलतो, म्हणजे लागोपाठच्या दोन किमतींतला फरक या हलण्यापेक्षा लहान आहे. म्हणून नुसत्या चढणीवर विसंबू नकोस, दुरुस्त केल्यावर चारही किमती एकत्र येतात हा पुरावा जास्त भक्कम आहे.

तर पॅरा असा होईल:

"g ची सरासरी 9.64 मी/से² आली, ती 9.8 पेक्षा 1.6 टक्के कमी आहे. लांबी वाढते तशी किंमत 9.56 पासून 9.70 पर्यंत वाढत जाते. लांबी बॉबच्या मध्याऐवजी वरच्या टोकापर्यंत मोजल्याने ती प्रत्येक वेळी 1 सेमी कमी धरली गेली; ही चूक आखूड दोऱ्याला टक्केवारीत मोठी पडते, म्हणून तिथे g सर्वात कमी आला. 1 सेमी मिळवल्यावर चारही किमती 9.78 ते 9.80 मध्ये येतात. उरलेला फरक स्टॉपवॉचच्या 0.1 सेकंदाच्या चुकीत बसतो."

वाक्यांचा क्रम बघ, आधी किती आलं, मग किमतींत काय दिसलं, मग का, मग ते कशावरून, आणि शेवटी काय उरलं. शेवटचं वाक्य कोणी "तेवढं चालतं" म्हणून गाळतात, गाळू नकोस, मार्क तिथेच असतात. सुरुवातीला "या प्रयोगातून आपल्याला असे दिसून येते की" असलं काही जोडू नकोस, नाहीतर परत एक ओळ वाढेल.

आणि टेबलमधल्या जुन्या किमती खोडून 9.80 लिहायचा मोह होईल. नको. जुना कॉलम तसाच ठेव, शेजारी "दुरुस्त लांबी" आणि "दुरुस्त g" असे दोन कॉलम ओढ, जागा नसेल तर खाली वेगळं छोटं टेबल कर.