तीन वर्षांच्या मुलीसाठी घरी पिठाचा क्ले

प्रश्न: सोलापुरात राहतो. घरात ज्वारीचं पीठ कायम असतं. त्याचा क्ले होईल का? किती टिकेल?

उत्तर: नुसत्या ज्वारीचा होणार नाही, मैदा किंवा कणीक घ्या. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे गोळा ताणला की तुटतो आणि गार झाला की भेगाळतो.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक चमचा तेल. कोमट पाणी चमच्या-चमच्याने घालत पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. कोरडं पीठ-मीठ कालवायचं काम मुलीला खुशाल द्या. बोटाला चिकटेनासा झाला की झाला.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडा ठेवलात तर लगेच पापडी धरतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. साधारण आठवडाभर टिकतो. मीठ पाणी ओढतं, म्हणून चिकट झाला तर चिमूटभर मैदा मळून घ्या. आंबूस वास किंवा काळे ठिपके दिसले तर फेकाच.

एक मात्र सांभाळा: यात मीठ फार असतं. जिभेला लागलं तर मूल बहुधा थुंकतंच, पण गोळा गिळला आणि उलट्या, खूप तहान किंवा सुस्ती दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्या. खेळताना जवळच बसा.