रात्री दहानंतरच डोकं का दुखतं?

*मॅडम, मुलगा बारावी झाला, जेईईसाठी एक वर्ष ड्रॉप घेतलाय. घरूनच ऑनलाइन क्लास, रोज बारा तास स्क्रीनपुढं. अकरावीत सेकंडहँड घेतलेला साडेअठरा इंची मॉनिटर आहे. दिवसभर ठीक बसतो, रात्री दहा वाजले की डोकं धरून उठतो. माझी आई त्याच खोलीत झोपते, म्हणून लाईट बंद असतो. मी त्याच मॉनिटरवर दुकानाचा हिशेब करतो, मला काही होत नाही. ब्लू कट चष्मा आणून दिला, फरक नाही. आता 27 इंची कर्व्ह, 165 हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर घ्यायचं ठरवलंय, 16 हजारांपर्यंत. एवढे हर्ट्झ असले की डोळ्याला त्रास होत नाही असं दुकानदार म्हणाला. त्याला न सांगता आणतो, म्हणजे पुढं सबब उरणार नाही. कोणत्या कंपनीचा घेऊ? – एक वडील, गंगाखेड*

नमस्कार. कंपनीचं नाव सांगते, पण आधी तुमच्या शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल बोलू द्या. "सबब उरणार नाही." ही ओळ वाचून मला काळजी वाटली. ज्याला अभ्यास टाळायचा असतो ते पोरगं सकाळीही टाळतं, दुपारीही टाळतं. तुमचा मुलगा दिवसभर बसतो आणि रात्री, लाईट बंद झाल्यावर, त्याच खोलीत, त्याच मॉनिटरपुढं उठतो. दुखणं ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या परिस्थितीत येतंय. अशा दुखण्याला कारण असतं, आणि ते कारण तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय. तुम्हाला ते पुरावा वाटलं नाही, कारण तुम्ही सबब शोधत होता. लेकराला आधी एवढं सांगा की तुझं डोकं दुखतं यावर माझा विश्वास आहे. मॉनिटर त्यानंतर.

आता कारण. अंधारात स्क्रीन डोळ्यावर येते, आजीच्या तोंडावरही उजेड पडतो, म्हणून मुलगा रात्री ब्राइटनेस खाली आणत असणार. विचारून पाहा. मॉनिटरच्या काचेमागं एलईडी दिवे असतात. त्यांचा उजेड कमी करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे दिव्याला जाणारा करंट कमी करायचा, म्हणजे दिवा मंद पण सतत जळतो. दुसरी स्वस्त रीत अशी की दिवा पूर्ण ताकदीनंच लावायचा, पण भराभर चालू-बंद करायचा, म्हणजे डोळ्याला सरासरी उजेड कमी वाटतो. हिला पीडब्ल्यूएम म्हणतात आणि जुन्या मॉनिटरांत ती सर्रास होती.

समजा दिवा सेकंदाला 200 वेळा चालू-बंद होतोय. एका फेरीला 5 मिलिसेकंद लागतात. ब्राइटनेस 20 वर आणला की त्यातला 1 मिलिसेकंद दिवा पेटतो आणि 4 मिलिसेकंद पूर्ण विझलेला असतो. 100 वर ठेवला तर बहुतेक मॉनिटरांत तो विझतच नाही. म्हणून दिवसा त्रास नाही आणि रात्री आहे. नुसतं टक लावून पाहिलं तर ही फडफड दिसत नाही. पण वाचताना डोळा ओळीवरून उड्या मारतो, गणित सोडवताना स्क्रीनवरून वहीवर आणि वहीवरून परत स्क्रीनवर जातो. प्रत्येक उडीत एका अक्षराच्या तुटक-तुटक प्रतिमा डोळ्यात उमटतात. काहींना याचं काहीच वाटत नाही, काहींचं कपाळ आणि डोळ्यांमागचा भाग ठणकायला लागतो. तुम्हाला होत नाही म्हणून त्याला होत नसेल, असं धरू नका. शिवाय तुम्ही हिशेब बहुधा दिवसा, भरपूर ब्राइटनेसवर करत असाल.

हे खरं आहे का, ते आज रात्री एक रुपया खर्च न करता तपासा. मॉनिटरवर कोरं नोटपॅड पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि खोलीतला लाईट बंद करा, कारण एलईडी बल्बही कधी कधी फडफडतो आणि गोंधळ होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर 1/1000 वर न्या आणि मॉनिटरकडे धरा. ब्राइटनेस 100, मग 50, मग 20 असे तीन फोटो काढा. खालच्या ब्राइटनेसला स्क्रीनवर काळे-पांढरे जाड पट्टे आले आणि 100 ला ते गेले, तर कारण सापडलं. प्रो मोड नसेल तर पेन्सिल घ्या. पांढऱ्या स्क्रीनसमोर ती हातपंख्यासारखी भराभर हलवा. सतत उजेड असेल तर पेन्सिलीचा एकसारखा धूसर पट्टा दिसतो. दिवा फडफडत असेल तर पंख्याच्या काड्या मोजाव्यात तशा सुट्या-सुट्या पेन्सिली दिसतात. माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या मॉनिटरवर ब्राइटनेस 30 ला मी अशा आठ-नऊ पेन्सिली पाहिल्यात. त्याच्यावर संध्याकाळी काम करणारी मुलगी रोज बाम लावून बसायची आणि आम्ही सगळे तिला झोप पूर्ण कर म्हणून सांगायचो.

पट्टे आले तर आजच करण्यासारखा एक उपाय आहे. मॉनिटरच्या बटणांतून ब्राइटनेस 100 वर न्या, किंवा फोटोत पट्टे जिथं गेले त्या आकड्यावर ठेवा. मग उजेड कमी करायला त्याच मेनूतला कॉन्ट्रास्ट खाली आणा. त्यानं दिवा फडफडत नाही, फक्त पांढरा रंग मंद होतो. काळा थोडा राखाडी दिसेल, पण अक्षरं वाचण्यापुरतं चालतं. सोबत मॉनिटरच्या मागं, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा लावा. आजीच्या डोळ्यावर उजेड जाणार नाही आणि काळ्याकुट्ट खोलीत एकच लखलखती चौकट असा प्रकारही राहणार नाही. तो दिवासुद्धा मोबाइलनं तपासून घ्या. चार-पाच रात्री असं करून मुलाला विचारा.

आता दुकानदाराच्या हर्ट्झबद्दल, कारण हा गैरसमज मी परभणीपासून लातूरपर्यंत ऐकतेय. 165 हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला 165 वेळा बदलू शकतं. धावती गाडी, गेम, भराभर सरकणारं पान यात त्यानं हालचाल गुळगुळीत दिसते. मागचा दिवा किती वेळा विझतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. 60 हर्ट्झच्या मॉनिटरचा दिवा अजिबात न फडफडणारा असू शकतो आणि 165 वाल्याचा फडफडणारा असू शकतो. एलसीडीत एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच टिकून राहतं, त्यामुळं 60 ला पडदा विझत नाही. जुन्या डबड्या मॉनिटरात विझायचा, तिथून ही समजूत चालत आलीय. काही गेमिंग मॉनिटरांत तर हालचाल ठसठशीत दिसावी म्हणून दिवा मुद्दाम फडफडवणारी सेटिंग असते. मुलगा सरांचं रेकॉर्डेड लेक्चर आणि पीडीएफ पाहणार. त्या जास्तीच्या हर्ट्झचे पैसे तुम्ही कशासाठी देताय?

ब्लू कट चष्म्यानं फरक पडला नाही, यातही नवल नाही. 2023 साली कोक्रेन या संस्थेनं उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा अशा काचांनी कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांचा थकवा कमी होत नसावा, असंच निघालं. त्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडून नंबर तपासून घ्या, बारीक नंबर राहून गेला तरी संध्याकाळी डोकं धरतं. आणि सकाळी उठल्या-उठल्या डोकं दुखत असेल, उलटी होत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर मॉनिटरचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

एवढं करूनही नवा घ्यायचाच असेल, तर 27 इंची कर्व्ह नको. त्या किमतीत तो बहुधा फुल एचडीच मिळेल. 27 इंचात फुल एचडी म्हणजे इंचाला सुमारे 82 ठिपके, 24 इंचात तेच 92 होतात. हातभर अंतरावर बसून सूत्रातला बारीक घातांक वाचायचा असतो, तिथं हा फरक कळतो. 27 मध्ये अक्षर मोठं होतं पण कडा फुटतात. 27 घ्यायचा तर 2560 बाय 1440 चा घ्यावा लागतो, आणि अभ्यासापुरती त्याची गरज नाही. स्वस्त कर्व्ह मॉनिटर बहुतेक व्हीए पॅनेलचे असतात. त्यांचा काळा रंग छान खोल असतो, पण गडद भागावरून अक्षरं सरकवली की मागं शेपूट राहतं, आणि कडेनं पाहिलं की रंग फिका पडतो. भूमितीच्या आकृतीतली सरळ रेषा वाकडी दिसते ती वेगळीच. तुम्ही 24 इंची, सपाट, कडेनं पाहिलं तरी रंग टिकवणाऱ्या आयपीएस पॅनेलचा, फुल एचडी, चमक नसलेल्या मॅट पडद्याचा पाहा. तो दहा हजारांच्या आतबाहेर येतो. स्टँड वर-खाली होत नसेल तर खाली जाड पुस्तकं ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत यायला हवी.

कंपनी विचारलीत. डेल, एलजी, बेनक्यू, एसर, यातली कोणतीही चालेल. न फडफडणाऱ्या दिव्याला प्रत्येकानं आपापलं नाव दिलंय. बेनक्यू फ्लिकर-फ्री लिहितं, एलजी फ्लिकर सेफ, एसर फ्लिकरलेस, आणि डेलच्या कम्फर्टव्ह्यूमध्ये ते येतं. खोक्यावर कंपनीपेक्षा हा शब्द शोधा, आणि तोही नेमक्या त्या मॉडेलला आहे का ते पाहा. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि सर्व्हिस परभणीला किंवा नांदेडला मिळेल का, हे बिल करण्याआधी विचारा.

जेईई मेन आणि सीईटी दोन्ही कॉम्प्युटरवरच होतात, त्यामुळं आठवड्याला एक सराव पेपर स्क्रीनवर पूर्ण 3 तास द्यायलाच हवा. बाकीच्या वेळी मात्र थिअरी पुस्तकातून आणि गणितं छापील शीटवरून. बारा तासांतले सहा तास तरी त्याच्यापुढं कागद असायला हवा. हा बदल नव्या मॉनिटरपेक्षा आधी करा.

दुकानात एक लक्षात ठेवा. तिथं मांडलेले बहुतेक मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर असतात, म्हणजे नेमका दोष दिसत नाही अशा अवस्थेत. तेव्हा न सांगता आणण्याचा बेत सोडा आणि मुलाला सोबत न्या. दुकानदाराला ब्राइटनेस 20 वर आणायला सांगा, मोबाइलनं फोटो काढा, आणि मग मुलाला खुर्ची देऊन पंधरा मिनिटं एखादी पीडीएफ वाचू द्या. तुम्ही बाजूला उभे राहा. कोणता घ्यायचा ते त्याला सांगू द्या.