चलन पडल्यावर कंपन्या का बुडतात?

चलन पडलं की निर्यात वाढते ना? मग १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या कंपन्या कशा बुडाल्या?

कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई रुपिया या तिथल्या चलनात, म्हणून. १९९७ च्या मध्यात डॉलर सुमारे २,४०० रुपियांना होता, जानेवारी १९९८ मध्ये १०,००० च्या पुढे गेला. म्हणजे दहा लाख डॉलरचं कर्ज २४० कोटी रुपियांवरून १,००० कोटींवर; कारखान्याच्या इमारतीची रुपियातली किंमत मात्र तिथेच. त्यात परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जं पुढे वाढवून दिली नाहीत. फेडीसाठी सगळे एकदम डॉलर घ्यायला धावले आणि रुपिया आणखी घसरला. मी बुटीबोरीतल्या कारखान्यांचे ताळेबंद तपासतो. डॉलरचं कर्ज दिसलं की पहिला प्रश्न, विक्री कोणत्या चलनात? डॉलरमध्ये विकणारा बराच वाचतो, पण विक्रीचे पैसे येण्याआधी कर्जाची मुदत संपली तर तोही अडकतो.