हप्ता मुलगा फेडणार, हे कोणी ठरवलं?

"मुलाला सप्टेंबरमध्ये इंग्लंडला, लेस्टरला एक वर्षाच्या एमएस्सीला पाठवतोय. घर तारण ठेवून कर्ज काढतोय, हप्ता लगेच सुरू होईल, ३२ हजार. एजंट म्हणतो पोरं पार्टटाइम करून आरामात फेडतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर फुलटाइम. मी मुलाला स्पष्ट सांगितलंय, तिसऱ्या महिन्यापासून हप्ता तुझा. तो हल्ली फारसा बोलत नाही. कुठला जॉब लवकर मिळेल?"

तो बोलत नाही याचं कारण तुमच्याच पत्रात आहे हो. अजून विमानात बसला नाही आणि मानेवर ३२ हजार.

आता हिशोब. डिग्रीच्या मुलांना टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांना किमान वेतन तासाला १२.७१ पौंड, म्हणजे पूर्ण २० तास मिळाले तरी महिन्याला साधारण अकराशे पौंड. आणि व्हिसासाठी लंडनबाहेर राहायचा खर्चच महिन्याला ११७१ पौंड धरतात! मग हप्ता कशातून? शिवाय कॅफे, वेअरहाउस, केअर होम, जिथे जाईल तिथे दर आठवड्याला २० तास मिळतीलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी मालकाला गरज असेल तेव्हाच शिफ्ट.

एजंटची ती उन्हाळ्याची सुट्टी मात्र नीट समजून घ्या, पोरं इथेच फसतात. जूनमध्ये बीएस्सीवाली मुलं घरी जातात, कॅम्पस रिकामा होतो, त्यामुळे वाटतं सुट्टी लागली. पण एमएस्सीवाल्यांचं तेव्हा डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, चालू असतं आणि ती टर्मच धरतात, म्हणजे २० तासच. फुलटाइम करायचं तर विद्यापीठाने त्याच्या कोर्सच्या सुट्टीच्या तारखा लेखी दिलेल्या हव्यात, नाहीतर कोर्स संपल्यावर. आणि सरासरी चालत नाही. आठवडा सोमवार ते रविवार, एकात २५ आणि पुढच्यात १५ केले तर पहिल्या आठवड्यात नियम मोडला. दोन नोकऱ्या असल्या तर दोन्हीचे तास एकत्र. रविवारी रात्री दहा ते सकाळी सहाची शिफ्ट केली तर बारानंतरचे सहा तास नव्या आठवड्यात जातात, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. ॲपवरून जेवण पोहोचवायचं काम स्वयंरोजगारात येतं, ते या व्हिसावर बंदच, दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन तर अजिबात नाही. पकडला तर व्हिसाच जातो, मग हप्ता कोण भरणार?

त्यामुळे कुठला जॉब हा प्रश्नच आत्ता बाजूला ठेवा आणि बँकेत जा. घरावरच्या साध्या कर्जाऐवजी शैक्षणिक कर्ज मागा, तारण तेच घर चालतं, आणि त्यात कोर्स आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, व्याज तेवढं चढत राहतं. बँक नाही म्हणाली तर पहिल्या वर्षाचा हप्ता तुमच्या पगारातून निघतो का ते बघा, निघत नसेल तर एक वर्ष थांबा. विद्यापीठातलीच कामं, लायब्ररी, ओपन डेला पाहुण्यांना फिरवणं, ही तो तिथे जाऊन शोधेल, खिशातला खर्च निघेल. आज रात्री जेवताना तो 'हप्ता तुझा' शब्द मागे घ्या आणि मग बघा काय बोलतो ते.